फोनवरचे पहिले पंधरा सेकंद

सोलापुरात टॉवेल विणणाऱ्या आमच्या ओळखीच्या एका घरात यंदा नऊशे टॉवेल पडून राहिले. माल एका व्यापाऱ्याने सांगून विणून घेतला होता. तयार झाल्यावर त्याने हातात घेऊन पाहिला आणि "हलका आहे, माझ्या गिऱ्हाइकाला जाड लागतो," असे म्हणून उचलायला नकार दिला. सूत उधारीवर आणलेले, कारागिरांची मजुरी दिलेली आणि माल मागच्या खोलीत छतापर्यंत रचलेला. घरातला थोरला मुलगा बी.कॉम. झालेला, बोलायला चुणचुणीत. त्याने ठरवले की व्यापाऱ्याच्या मागे लागण्याऐवजी माल थेट लॉजवाल्यांना विकायचा. जानेवारीत तो दोन दिवस महाबळेश्वर आणि पाचगणीला फिरला. अडतीस लॉजच्या काउंटरवर त्याने कार्ड ठेवले आणि प्रत्येक ठिकाणी "फोन केला तर चालेल ना?" असे विचारून घेतले. ज्यांनी "करा" म्हटले त्यांचेच नंबर वहीत उतरवले.

फेब्रुवारीत त्याने फोन करायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी बारा फोन झाले आणि बाराही ठिकाणी नकार मिळाला. दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो. तो म्हणाला, "चाचा, माल पाहायच्या आधीच लोक नाही म्हणतात. माझं काय चुकतंय ते तुम्हीच ऐका." मग आम्ही त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो आणि मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत त्याचे सहा फोन ऐकले. एकही फोन पंचवीस सेकंदांच्या पुढे गेला नाही. चार फोन तर पंधरा सेकंदांच्या आतच संपले. त्या दिवशी जे लक्षात आले आणि पुढच्या तीन आठवड्यांत जे करून पाहिले, ते येथे मांडत आहोत. फोनवरून माल विकणाऱ्या कोणालाही त्याचा उपयोग व्हावा.

आधी परवानगीची गोष्ट

मूळ विषयाकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. या तरुणाने आधी विचारून मगच नंबर घेतले, हा केवळ शिष्टाचार नव्हता. दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, म्हणजे ट्रायचे, २०१८ चे नियम आहेत. त्यांनुसार ज्याने संमती दिलेली नाही त्याला साध्या दहा आकडी मोबाईलवरून विक्रीचे फोन लावता येत नाहीत. जाहिरातीच्या फोनसाठी नोंदणी करावी लागते आणि १४० ने सुरू होणारे वेगळे क्रमांक आहेत. कोणीही ग्राहक १९०९ वर तक्रार करू शकतो. तक्रारी साचल्या तर फोन करणाऱ्याची सेवा बंद होऊ शकते. ज्या नंबरवर घरचे, बँकेचे आणि कारागिरांचेही फोन येतात, तोच बंद पडला तर धंदा जागच्या जागी थांबेल. म्हणून कोठून तरी मिळवलेली नंबरांची यादी घेऊन बसू नये. समक्ष भेटून, प्रदर्शनात बोलून किंवा गिऱ्हाइकाने स्वतः चौकशी केली असेल तर त्या आधारावर यादी तयार करावी. अशी यादी लहान असते, पण फोनवर बोलायला तिच्यातच काहीतरी धागा सापडतो. तो धागा कसा कामाला येतो ते पुढे दिसेल.

तो काय बोलत होता

त्याची सुरुवात आम्ही शब्दशः लिहून घेतली होती. ती अशी: "नमस्कार सर, कसे आहात? सर, मी सोलापूरहून बोलतोय. आमचा गेली वीस वर्षं टॉवेल आणि चादरींचा व्यवसाय आहे. आमच्याकडे उत्तम दर्जाचा माल अत्यंत वाजवी दरात मिळतो. सर, दोन मिनिटं वेळ आहे का?"

यात एकही शब्द खोटा किंवा उद्धट नाही. मग ऐकणारा नाही का म्हणतो? त्याच्या जागी बसून पाहा. लॉजच्या काउंटरवर मॅनेजर उभा आहे, समोर बिल मागणारे पाहुणे आहेत. फोन वाजला की त्याच्या मनात दोनच प्रश्न उठतात. हा कोण? आणि याचे माझ्याकडे काय काम? "कसे आहात?" ऐकताच त्याला कळते की माणूस अनोळखी आहे आणि ओळखीचे सोंग आणतो आहे. "उत्तम दर्जा, वाजवी दर" हे तर प्रत्येक विकणारा म्हणतो, त्यामुळे ते कानावरून निघून जाते. दहा-बारा सेकंद गेल्यावर त्याला एवढेच समजलेले असते की कोणीतरी काहीतरी विकायला आले आहे. नेमक्या त्याच क्षणी आपण विचारतो, "वेळ आहे का?" आपणच त्याच्या हातात नकार ठेवतो आणि तो सहजपणे "नाही" म्हणून फोन ठेवतो.

म्हणजे तो नकार टॉवेलला नव्हता. टॉवेलची गोष्ट त्याच्यापर्यंत पोहोचलीच नव्हती. नकार होता मध्येच आलेल्या अडथळ्याला. हा फरक त्या तरुणाला पटला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचा अर्धा ताण उतरला.

पंधरा सेकंदांत किती मावते

पहिल्या पंधरा सेकंदांत माल विकायचा नसतो. या वेळात तीन गोष्टी सांगायच्या असतात: मी कोण, तुम्हालाच फोन का केला, आणि तुमच्याकडून एवढेसे काय हवे आहे. आम्ही घड्याळ लावून पाहिले. मराठीत सावकाश, स्पष्ट बोलले तर पंधरा सेकंदांत तीस ते पस्तीस शब्द होतात. त्याहून जास्त शब्द कोंबले की बोलणे धावू लागते, आणि धावते बोलणे ऐकले की समोरच्याला विक्रीचा वास येतो. म्हणून सुरुवात कागदावर लिहावी, शब्द मोजावे आणि मोठ्याने वाचून पाहावी. बोलताना कागद समोर ठेवायला हरकत नाही, पण वाचल्यासारखे बोलू नये.

तीन गोष्टींपैकी पहिली सोपी आहे. आपले नाव, गाव आणि काम सरळ सांगावे, आणि ते घाई न करता सांगावे. नाव ऐकू आले नाही की समोरचा "कोण? कोण?" करतो आणि तीन सेकंद तिथेच जातात. अभिवादनाबाबत आम्हाला कोणी विचारले तर आम्ही म्हणू, समोरची व्यक्ती सलाम करणारी आहे हे नक्की ठाऊक असेल तर सलाम करावा, नाहीतर नमस्कार म्हणावे. दुकानाच्या पाटीवरच्या नावावरून अंदाज बांधू नये. बिरादरीचा हवाला देऊन सुरुवात करणेही टाळावे. त्याने चार शब्द जास्त ऐकून घेतले जातील, पण माल कशासाठी घ्यावा याचे उत्तर त्यात नसते. शिवाय समोरच्याला नाही म्हणायला अवघड वाटू लागले, तर पुढच्या वेळी तो आपला फोन उचलतच नाही.

दुसरी गोष्ट सर्वांत कठीण आहे: तुम्हालाच का? या कारणाचे महत्त्व सांगणारा एक जुना प्रयोग आहे. एलेन लँगर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर न्यूयॉर्कमधल्या एका विद्यापीठात तो केला आणि १९७८ मध्ये प्रसिद्ध केला. झेरॉक्स यंत्रापाशी आलेल्या माणसाला "मला आधी करू द्याल का?" असे विचारायचे. पाने पाचच असताना नुसते विचारले तर शंभरातले साठ जण हो म्हणत. "कारण मला घाई आहे" असे जोडले तर चौऱ्याण्णव. गमतीचा भाग असा की "कारण मला झेरॉक्स काढायची आहे" असे पोकळ कारण दिले तरी त्र्याण्णव जण हो म्हणाले. एवढे ऐकून पुष्कळ जण समजतात की कारण कसलेही चालते. पण प्रयोगाचा दुसरा अर्धा भाग विसरला जातो. पाने वीस झाली, म्हणजे मागणे मोठे झाले, तेव्हा पोकळ कारण देणाऱ्यांना नुसते विचारणाऱ्यांइतकाच, चोवीस टक्के होकार मिळाला. खरे कारण देणाऱ्यांना मात्र बेचाळीस टक्के. धंद्याच्या फोनसाठी यातून दोन गोष्टी घेता येतात. मागणे लहान ठेवावे आणि कारण खरे असावे. "उत्तम माल, वाजवी दर" हे आपले पोकळ कारण आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे ते लहान मागणे. "टॉवेल घ्याल का?" हे अनोळखी माणसाकडे फार मोठे मागणे झाले. "दोन मिनिटे द्याल का?" हे दिसायला लहान आहे, पण कशासाठी ते कळत नसल्याने तेही जड वाटते. मागणे असे हवे की हो म्हणायला खर्च नाही, नाही म्हणायला संकोच नाही, आणि एका शब्दात उत्तर देता येते.

कारण सापडले ते एका नकारात

आता त्या तरुणाकडे परत येऊ. त्याच्याकडे खरे कारण काय होते? हे आम्हालाही सुचेना. घरात सगळ्यांना मालाचा हलकेपणा हा दोषच वाटत होता आणि फोनवर तो वजनाचा विषयच टाळत होता. मग आम्ही त्याची वही चाळली. बारा फोनांपुढे बारा वेळा "नको" लिहिले होते. आम्ही विचारले, "प्रत्येकाने नुसतं नको म्हटलं, की आणखी काही बोललं?" त्याने आठवून सांगितले की पाचगणीचा एक मॅनेजर वैतागून म्हणाला होता, "अहो, पावसाळ्यात इथं आहेत ते टॉवेल वाळत नाहीत, नवे घेऊन काय करू?" त्याने "बरं सर" म्हणून फोन ठेवला होता आणि वहीत लिहिले होते, "नको."

वास्तविक त्या दिवसातले सर्वांत मोलाचे वाक्य तेच होते. महाबळेश्वर-पाचगणीचा पाऊस महाराष्ट्राला ठाऊक आहे. जून ते सप्टेंबर ऊन दुर्मीळ आणि हवा ओली. जाड टॉवेल पाणी जास्त धरतो आणि वाळायला वेळ घेतो. ओलाच कपाटात गेला की त्याला कुबट वास येतो आणि पाहुणा तक्रार करतो. आता हिशेब पाहा. अंगाचा टॉवेल तीस बाय साठ इंचांचा धरला, तर चौरस मीटरला पाचशे ग्रॅम वजनाच्या कापडाचा तो साधारण ५८० ग्रॅम भरतो. या घरातला माल चारशे ग्रॅमचा, म्हणजे एक टॉवेल ४६५ ग्रॅमच्या आसपास. प्रत्येक टॉवेलमागे सुमारे एकशे पंधरा ग्रॅम सूत कमी असले की पाणीही त्या मानाने कमीच धरले जाते. सोलापूरच्या व्यापाऱ्याला जो दोष दिसला, तो घाटमाथ्यावरच्या लॉजवाल्याला चार महिने उपयोगी पडणारा गुण होता.

नवी सुरुवात आम्ही दोघांनी बसून लिहिली: "नमस्कार, मी सोलापूरहून…" येथे स्वतःचे नाव, "…बोलतोय, टॉवेल विणतो. जानेवारीत तुमच्याकडे कार्ड ठेवून गेलो होतो. पावसात टॉवेल वाळत नाहीत, असं तिकडच्या एका मॅनेजरांनी सांगितलं. आमचा टॉवेल हलका, लवकर वाळणारा. एक नमुना पाठवला तर धुऊन पाहाल का?"

नाव धरून हे चौतीस शब्द होतात. यात 'सर' एकदाही नाही, कौतुकाचा एकही शब्द नाही आणि दर नाही. कार्ड ठेवल्याचा उल्लेख आहे, तो जानेवारीत परवानगी घेतल्यामुळेच करता आला. अडचण दुसऱ्याच्या तोंडून आली आहे, आणि ती खरोखर तशीच आली होती. मागणे एका टॉवेलचे आहे. "धुऊन पाहाल का?" हेही उगाच नाही. नवा कोरा टॉवेल एक-दोन धुण्यांपर्यंत पाणी नीट शोषत नाही, त्यामुळे हातात घेऊन पाहणाऱ्याला हलका माल निकृष्ट वाटतो. धुतल्यावरच त्याचा खरा गुण कळतो.

यानंतरची सूचना पाळणे त्याला सर्वांत जड गेले. प्रश्न विचारून झाला की गप्प राहायचे. त्याची सवय अशी की समोरून दोन सेकंद आवाज आला नाही की तो दर सांगायला लागायचा. त्या शांततेत समोरचा विचार करत असतो. तिथे आपण बोललो की त्याचा विचार तुटतो आणि तो पुन्हा "नको" वर येतो.

वेळेचेही पाहिले पाहिजे. तो सकाळी अकराला फोन करत होता. तीच लॉजमध्ये खोल्या सोडण्याची वेळ. आम्ही दुपारी तीन ते साडेचार ठरवली. तरीही फोन उचलल्यावर मागे गडबड ऐकू आली, तर ठरलेले बोलणे बाजूला ठेवून एवढेच म्हणायचे: "तुमच्याकडे आत्ता गर्दी दिसते. मी सोलापूरचा टॉवेलवाला. चारनंतर करू का?" इथे वेळ विचारणे योग्य आहे, कारण आपण समोरचे ऐकून विचारतो आहोत.

'नको' आला तर

सुरुवात कितीही चांगली असली तरी बहुतेक फोनांवर नकार येणारच. नव्या सुरुवातीनंतरही तो येत राहिला. पण वही नीट ठेवल्यावर दिसले की नकार तीन जातींचे असतात आणि त्यांची उत्तरे निराळी आहेत.

पहिला नकार सवयीचा. तो आपले वाक्य पुरे होण्याआधीच येतो, त्याला कारण जोडलेले नसते आणि स्वर घाईचा असतो: "नको नको, आम्हाला काही नको." यावर आमचा तरुण पूर्वी म्हणायचा, "सर, ऐकून तर घ्या." हे ऐकणाऱ्याला दटावल्यासारखे लागते. एकदा त्याने हे दोनदा म्हटले तेव्हा मॅनेजरने त्याला चार शब्द सुनावले. पुढच्याच लॉजच्या मालकाने त्याचे नाव ऐकताच "तूच का तो?" असे विचारले. दोघे मेहुणे निघाले! लहान गावच्या बाजारपेठेत असे होतेच. सवयीच्या नकारावर आधी तो मान्य करावा आणि मग एकच प्रश्न विचारावा: "बरं, हरकत नाही. फक्त एक विचारतो, पावसाळ्यात टॉवेल वाळायची अडचण तुमच्याकडे येते का?" मान्य केल्यामुळे समोरचा सैल होतो आणि ज्या गोष्टीसाठी फोन केला ती पहिल्यांदाच त्याच्या कानावर पडते. काही जण इथे थांबून बोलतात. पण दुसऱ्यांदा "नको" आला की तो खरा समजावा आणि निरोप घ्यावा. एका नकाराला एक प्रश्न, दुसऱ्या नकाराला आभार, हा नियम मोडू नये.

दुसरा नकार कारणासह येतो: "आमचा ठरलेला व्यापारी आहे," "गेल्याच महिन्यात घेतले," "खरेदी मालक पाहतात." हा नकार बहुधा खरा असतो आणि त्याच्याशी वाद घालू नये. विशेषतः ठरलेल्या व्यापाऱ्याच्या मालाला नावे ठेवू नयेत. तो माल या माणसानेच निवडलेला असतो. अशा वेळी कारण जसे आहे तसे उचलून पुढचा दुवा तेवढा विचारावा. एक संभाषण आम्ही टिपून ठेवले आहे.

"नाही हो, आमचा साताऱ्याचा माणूस ठरलेला आहे."

"चांगलं आहे. ठरलेला माणूस असला की काळजी नसते. पुढची खरेदी साधारण केव्हा असते तुमची?"

"ती दिवाळीच्या आधी."

"मग सप्टेंबरात एकदा फोन केला तर चालेल का?"

"करा की."

"आभारी आहे. तुमचं काम थांबवलं, ठेवतो."

एवढेच. नकारानंतरचे सारे बोलणे पंधरा सेकंदांत संपले. वहीत "नको" ऐवजी "सप्टेंबर, ठरलेला व्यापारी, परवानगी दिली" असे लिहिले गेले. सप्टेंबरात फोन करताना त्याच्याकडे पहिले वाक्य तयार असेल: "तुम्हीच सप्टेंबरात करा म्हणाला होता."

तिसरा नकार स्पष्ट असतो: "पुन्हा फोन करू नका." येथे प्रश्न नाही आणि खुलासाही नाही. "माफ करा, तुमचा नंबर काढून टाकतो," असे म्हणावे आणि समोर वहीत त्याच क्षणी रेघ मारावी. दिलेली परवानगी त्याने परत घेतली आहे. "आधी तुम्हीच हो म्हणाला होता," हे सांगण्यात काही मिळत नाही. पुढे चुकूनही त्या नंबरावर फोन गेला तर १९०९ वर तक्रार होण्याचा संभव असतो.

तिन्ही नकारांत एक गोष्ट समान आहे. फोन आधी समोरच्याला ठेवू द्यावा. आपण धाडकन ठेवला तर शेवटचा तोच आवाज त्याच्या लक्षात राहतो. आणि नंतर लगेच दुसरा नंबर लावू नये. एक मिनिट घेऊन वहीत लिहावे, पाणी प्यावे. आम्ही शेजारी बसून ऐकले होते की कडक नकारानंतर लगेच केलेल्या फोनात त्याचा आवाज अर्जवजा व्हायचा, आणि अर्जवजा आवाजाला नकार आणखी लवकर मिळायचा.

दोष कुठे आहे ते वही सांगते

वहीत आम्ही त्याला तीनच रकाने आखून दिले: फोन कुठल्या वाक्यावर तुटला, समोरच्याने कोणते कारण दिले, पुढे काय ठरले. दहा-पंधरा फोन झाले की यातून रोग कळतो. नाव-गाव सांगतानाच फोन तुटत असतील तर बोलण्याची गती, आवाज किंवा वेळ चुकली आहे. कारण ऐकून झाल्यावर तुटत असतील तर कारण त्या माणसाचे नाही. ते बदलावे. नमुना पाठवायला हो म्हणतात पण पुढे खरेदी होत नाही, असे असेल तर फोनवरच्या बोलण्यात सुधारणा करून उपयोग नाही. दोष मालात, दरात किंवा भाड्यात आहे. चांगली सुरुवात वाईट माल खपवू शकत नाही. ती फक्त माल पाहण्यापर्यंत माणसाला आणते.

तीन आठवड्यांनंतर वहीचा हिशेब असा होता. अडतीसपैकी पाच जणांनी फोन उचललाच नाही. दोघांनी पुन्हा फोन करू नका म्हटले. बावीस जणांनी नकार दिला, पण त्यांतल्या अकरांपुढे पुढची तारीख किंवा मालकाचे नाव लिहिलेले होते. नऊ जणांनी नमुना मागवला आणि त्यांपैकी चौघांनी माल घेतला. सर्वांत मोठी खरेदी चोवीस खोल्यांच्या एका लॉजची होती. खोलीमागे दोन टॉवेल, आणि त्यांचे तीन संच, म्हणजे एक खोलीत, एक धुण्यात आणि एक कपाटात, असे एकशे चव्वेचाळीस. चौघांचे मिळून चारशे दहा टॉवेल गेले. म्हणजे नऊशेपैकी निम्म्याहून जास्त माल अजून खोलीत होता. पण सुताची उधारी फिटली. ज्या व्यापाऱ्याने माल नाकारला होता त्याच्याकडे पडत्या दराने जायची पाळी आली नाही.

पाचगणीच्या त्या मॅनेजरला, ज्याच्या वैतागातून हे सारे निघाले, मार्चमध्ये पुन्हा फोन केला होता. तरुणाने त्याला सांगितले, "वाळत नाहीत हे तुम्हीच सांगितलं, म्हणून हलका माल घेऊन बोलतोय." तो हसला, पण मालकाने या वर्षी खर्च बंद केला आहे म्हणाला. तरुणाने आभार मानले, वहीत लिहिले आणि फोन त्याला ठेवू दिला.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी त्याच नंबरावरून फोन आला. "मी पाचगणीहून बोलतोय, लॉजचा मॅनेजर. चार दिवस झाले, टॉवेल वाळत नाहीत. तुमच्याकडचे साठ नग आहेत का अजून?"

तरुणाने आम्हाला हे सांगितले तेव्हा तो हसत म्हणाला, "चाचा, मी घड्याळ पाहिलं नाही, पण पंधरा सेकंदांच्या आतच झालं असणार."